सोलर सर्व्हिसला जाताय? मग डीसी बाजू आधी नीट समजून घ्या



मागच्या व्हिडिओत आपण सोलर सर्व्हिसिंगच्या धंद्याचा हिशोब मांडला. पीएम सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. ३ किलोवॅटच्या घरगुती सिस्टिमला ७८,००० रुपये सबसिडी मिळते म्हटल्यावर गल्लोगल्ली पॅनेल दिसायला लागली. बसवणारे भरपूर झाले, पण नंतर लक्ष देणारे कमी आहेत, म्हणून या कामात जागा आहे. त्यावर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला: "सर, मी दहा वर्षं वायरिंग करतोय. मेन बंद करायचा आणि काम करायचं. सोलरमध्ये वेगळं काय शिकायचं?"

आजचा लेख या प्रश्नाला उत्तर आहे. एकच सर्व्हिस कॉल घेऊ आणि तो पहिल्या फोनपासून शेवटच्या कनेक्टरपर्यंत बघू.

एका गावातलं तळमजल्याचं घर आहे असं समजा. वर स्लॅबची गच्ची, गच्चीला जेमतेम गुडघ्याएवढा कठडा, आणि बाजूला सिमेंटच्या पत्र्याची पडवी. गच्चीवर ५५० वॅटची ६ पॅनेल, सगळी एका माळेत जोडलेली. या माळेला आपण स्ट्रिंग म्हणतो. मालक फोनवर सांगतात, "थंडीत सकाळी दव पडलं की इन्व्हर्टर चालूच होत नाही, एरर दाखवतो. दहा-अकराला ऊन चढलं की आपोआप सुरू होतो." ही तक्रार लक्षात ठेवा, अर्धं निदान तिच्यातच आहे.

मेन बंद केला, तरी गच्ची चालूच

घरातल्या वायरिंगमध्ये वीज बाहेरून येते. मेन पाडला की पुढचं सगळं मृत. सोलरमध्ये वीज गच्चीवरच तयार होते आणि पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. ऊन आहे तोवर ते चालू आहे.

गोंधळ कुठे होतो ते सांगतो. मेन पाडला किंवा महावितरणची लाइट गेली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ही त्याची सुरक्षा आहे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. डिस्प्ले काळा होतो, पंखा थांबतो आणि आपल्याला वाटतं सोलर बंद झालं. खरं म्हणजे त्या क्षणी पॅनेलच्या वायरमधलं व्होल्टेज कमी न होता वाढलेलं असतं! इन्व्हर्टर करंट खेचत असतो तेव्हा पॅनेलचं व्होल्टेज थोडं दबलेलं असतं. करंट घेणं थांबलं की ते मोकळं होतं.

आपल्या सहा पॅनेलचा आकडा काढू. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर ओपन सर्किट व्होल्टेज लिहिलेलं असतं, ५५० वॅटच्या पॅनेलला ते साधारण ४९ ते ५० व्होल्ट असतं. ४९.५ धरलं तर सहा पॅनेलचे २९७ व्होल्ट झाले. हा आकडा पॅनेलचं तापमान २५ अंश असतानाचा आहे. पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतं, थंड असलं की चढतं, एका अंशाला साधारण पाव टक्क्याहून किंचित जास्त. उन्हाळ्यात दुपारी पॅनेल ६० अंशांवर असताना हीच स्ट्रिंग २७० च्या आसपास दाखवेल आणि थंडीत सकाळी १० अंशांना ३०९ च्या आसपास.

आणि "आज ढगाळ आहे, भीती नाही" हे तर डोक्यातून काढूनच टाका. उजेड कमी झाला की करंट कमी होतो, व्होल्टेज फारसं होत नाही. सकाळी कोवळ्या उन्हातसुद्धा स्ट्रिंग जवळजवळ पूर्ण व्होल्टेजला असते.

डीसीचा जाळ विझत का नाही

घरातली एसी वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणजे सेकंदात १०० वेळा ती शून्यातून जाते. स्विच उघडताना ठिणगी पडली तरी पुढच्याच शून्याला ती विझते. डीसीला शून्यच नाही. चालू करंटवर कनेक्टर ओढला की दोन टोकांमधल्या हवेतून वीज वाहतच राहते, आणि तुम्ही टोकं लांब नेता तसा जाळ लांब होतो. तांबं वितळवण्याइतका तो गरम असतो. एमसी-४ कनेक्टरवर लोडवर उघडू नका अशी सूचना कंपनी छापते ती याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट वायरमन मंडळींना पचायला जड जाते. घरात शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी लगेच पडतो. पॅनेलला तेवढा करंट देताच येत नाही. आपल्या पॅनेलचा चालू करंट साधारण १३ अँपिअर आणि पूर्ण शॉर्ट केलं तरी जेमतेम १४. मग १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज काय म्हणून उडेल? त्याला सगळं ठीकच वाटतं. एकाच स्ट्रिंगच्या सिस्टिममध्ये पॅनेलच्या बाजूला शॉर्ट झाला तर फ्यूज तुम्हाला वाचवणार नाही. सूर्य मावळेपर्यंत शॉर्ट तसाच चालू राहतो.

माझ्या दुकानात काउंटरवर महिन्यातून एक-दोन जण तरी येतात, "सोलरसाठी ३२ चा एमसीबी द्या." कुठल्या बाजूला लावणार विचारलं की कळतं, डीसीच्या. आणि हवा असतो घरातला साधा एसी एमसीबी, कारण तो स्वस्त आहे. तो डीसीचा जाळ तोडू शकत नाही, आतल्या आत जळतो. डीसीचा एमसीबी घेतला तरी त्याच्यावर प्लस-मायनसच्या खुणा आहेत का बघा. काही डीसी एमसीबींना दिशा असते. उलटे जोडले तर रोज ठीक चालतात, पण नेमका गरजेच्या वेळी जाळ आतल्या जाळीकडे न जाता उलटीकडे जातो आणि डबा पेट घेतो. दुसऱ्याने बसवलेल्या सिस्टिमवर सर्व्हिसला गेलात की डीसीडीबीचं झाकण उघडून हे आधी बघायचं.

दोन हत्यारं जी खोटं बोलतात

खिशातला निऑन टेस्टर सोलरच्या डीसी बाजूला उपयोगाचा नाही. टेस्टर पेटायला वीज तुमच्या अंगातून जमिनीकडे जावी लागते. ग्रिडपासून सोडवलेली चांगली स्ट्रिंग जमिनीशी जोडलेलीच नसते, ती तरंगती असते. टेस्टर पेटत नाही आणि दोन वायरींच्या मध्ये मात्र ३०० व्होल्ट असतात. "टेस्टर लागला नाही, म्हणजे लाइन बंद" हे वाक्य सोलरवर चालत नाही.

दुसरा साधा क्लॅम्प मीटर. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. ते डीसी वायरभोवती लावले तर आतून १२ अँपिअर वाहत असले तरी शून्य दाखवतात. म्हणजे ज्या मोजमापावर तुम्ही कनेक्टर उघडायचा की नाही ते ठरवणार, तेच खोटं. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प महाग आहे, पण या धंद्यात पहिला खर्च तोच करा. विकत घेताना डायलवर अँपिअरच्या ए अक्षरासोबत सरळ रेघ आहे का बघा. नुसती लाटेसारखी रेघ म्हणजे एसी. आणि चालू सोलरच्या एका वायरवर लावून आकडा येतो का ते पाहूनच त्याच्यावर विश्वास ठेवा.

व्होल्टेजसाठी मल्टिमीटर कॅट ३, १००० व्होल्टचा हवा. मोजण्याआधी लाल प्रोब कुठल्या भोकात आहे ते दर वेळी बघा. काल कोणी करंट मोजला असेल आणि प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला असेल, तर स्ट्रिंगला तो लावणं म्हणजे सरळ शॉर्ट करणं. मग हात मागे ओढला की जाळ.

आता त्या घरी जाऊ

वेळ सकाळी नऊची घ्या, कारण बिघाड दव असतानाच दिसतो. एकटे जाऊ नका. दुसरा माणूस खाली इन्व्हर्टरजवळ राहील.

मालकांना आधीच सांगा: काम संपेपर्यंत या डब्यांना कोणी हात लावायचा नाही. घरातली लाइट चालू राहील, फक्त सोलर बंद असेल. हे सांगितलं नाही तर तुम्ही गच्चीवर असताना घरातलं कुणीतरी "अहो, हा खटका पडलाय वाटतं" म्हणत तो वर करतं. हे गमतीने लिहीत नाहीये, सोलरच्या कामात याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

मग पहिलं काम एसी बाजूचं. एसीडीबीतला सोलरचा ब्रेकर पाडायचा. आधी एसीच का? एसी गेली की इन्व्हर्टर थांबतो, डीसी करंट शून्यावर येतो, आणि मग डीसीचा स्विच बिनलोडचा उघडतो. उलट क्रमाने केलंत तर डीसी स्विचला पूर्ण करंट तोडावा लागतो. चांगला स्विच तोडेलही, पण समोरचा चांगला आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही.

एसी पाडल्यावर इन्व्हर्टरच्या खालचा डीसी आयसोलेटर बंद करायचा, मग डीसीडीबीतला डीसी एमसीबी. दोन्ही ठिकाणी कुलूप लावायचं. ब्रेकरला लावायचे छोटे लॉक मिळतात. त्याला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, आणि वर चिठ्ठी: "माणूस काम करत आहे, चालू करू नये", खाली नाव आणि मोबाईल नंबर. किल्ली गच्चीवर काम करणाऱ्याकडेच असायला हवी, खालच्याकडे नाही.

आता थांबा. इन्व्हर्टरच्या आत मोठे कॅपॅसिटर असतात, ते उतरायला वेळ लागतो. इन्व्हर्टरच्या बाजूच्या स्टिकरवर किती मिनिटं ते लिहिलेलं असतं. बऱ्याच मॉडेलवर ५ मिनिटं असतं, काहींवर जास्त. स्टिकर जे म्हणेल ते. तेवढ्यात मालकांनी दिलेला चहा प्या.

त्यानंतर डीसी क्लॅम्प. स्ट्रिंगच्या प्लस वायरभोवती लावा, शून्य यायला हवं. मायनसभोवती लावा, तिथेही शून्य. दोन्ही शून्य असतील तरच पुढे. आयसोलेटर बंद असताना क्लॅम्प काही अँपिअर दाखवत असेल, तर गच्चीवर कुठेतरी करंटला दुसरी वाट मिळाली आहे, म्हणजे शॉर्ट किंवा दोन ठिकाणी जमिनीशी संपर्क. अशा वेळी कुठलाच कनेक्टर उघडायचा नाही. मालकांना सांगून, माणसं लांब ठेवून सूर्य मावळल्यावर यायचं. संध्याकाळी करंट अर्ध्या अँपिअरच्याही खाली गेला की मगच सोडवायचं. धूर किंवा जाळ दिसत असेल तर फायर ब्रिगेडला बोलवा आणि फोनवरच सांगा की सोलर आहे, दिवसा बंद होत नाही. ही माहिती त्यांना पाणी मारायच्या आधी हवी असते.

आपल्या घरी क्लॅम्पवर शून्य आलं. म्हणून आता व्होल्टेज.

तीन आकडे बिघाडाची जागा सांगतात

डीसीडीबीमध्ये पॅनेलकडून येणाऱ्या बाजूला मोजायचं आहे. १००० व्होल्टचे इन्सुलेटेड ग्लोव्हज घाला, कारण एमसीबी पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला पूर्ण वीज आहे. ज्याने बंद केलं त्यालाच वाटतं की सगळं मृत आहे, आणि बोट तिथेच जातं. मीटर आधी एखाद्या माहीत असलेल्या चालू ठिकाणी तपासा, मग मोजा, मग परत तपासा. शून्य आलं ते वीज नाही म्हणून की मीटर बिघडला म्हणून, हे त्याशिवाय कळत नाही.

प्लस ते मायनस: २८८ व्होल्ट. सहाने भागलं तर ४८. प्रत्येक पॅनेल नीट देतंय.

आता प्लस ते अर्थ. स्ट्रिंग चांगली असेल तर इथे मीटर काहीतरी आकडा दाखवून हळूहळू शून्याकडे घसरतो. आपल्याकडे तो ९६ वर टिकून राहिला. मायनस ते अर्थ: १९२, तोही टिकून. ९६ आणि १९२ मिळून २८८.

यातून काय कळलं? एका पॅनेलचे ४८, म्हणजे ९६ झाले दोन पॅनेलचे. प्लसच्या टोकापासून दोन पॅनेल मोजा, दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलच्या मधल्या जोडणीला वायर कुठेतरी लोखंडाला लागली आहे. पाना हातात न घेता, गच्चीवर न जाता जागा सापडली. दव पडलं की ओल वीज वाहून नेते, इन्व्हर्टर सकाळी सुरू होण्याआधी इन्सुलेशन तपासतो, ते कमी दिसतं म्हणून एरर देतो. ऊन आलं, ओल वाळली, एरर गेला. मालकांची तक्रार अगदी बरोबर होती.

पण या आकड्यांचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. चांगल्या तरंगत्या स्ट्रिंगची एकच वायर हाताला लागली तर बहुतेकदा निभावतं. इथे सगळा स्ट्रक्चर, पॅनेलची फ्रेम, क्लॅम्प हे आता स्ट्रिंगच्या मधल्या भागाशी जोडलेलं आहे. एक हात फ्रेमवर आणि दुसरा मायनसच्या उघड्या टोकावर पडला तर अंगावर १९२ व्होल्ट. अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर तीच गोष्ट फ्रेमवर एक हात आणि ओल्या जमिनीवर पाय असतानाही होऊ शकते. म्हणून फ्रेमला हात लावण्याआधी फ्रेम ते अर्थ व्होल्टेज मोजायचं आणि ग्लोव्हज काढायचे नाहीत.

गच्चीवर: शॉक छोटा, पडणं मोठं

आता शिडी. शिडीचं टोक गच्चीच्या कडेच्या वर किमान एक मीटर जाईल अशी लावा, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहील. उंचीच्या चौथ्या भागाएवढा पाया भिंतीपासून बाहेर. वर बांधा. शिडी लोखंडाची असेल तर ती घराच्या सर्व्हिस वायरपासून लांब आहे ना ते मान वर करून बघा.

गच्चीच्या कडेला ज्याला किरकोळ झटका बसतो तो दचकून मागे सरकतो. मागे गुडघ्याएवढा कठडा आहे. तो कठडा अडवत नाही, उलट गुडघ्यात अडकून माणसाला उलटं पाडतो. हार्नेस घालायचाच, भारतीय मानक ३५२१ चा, पूर्ण अंगाचा. कमरेचा पट्टा नको.

पण हार्नेस घातला म्हणजे झालं का? इथे एक हिशोब करून बघा. नेहमीची दोरी १.८ मीटरची. पडताना धक्का कमी करणारा तुकडा उलगडतो, तो एक मीटरहून थोडा जास्त. दोरी पाठीवर जोडलेली, तिथून पाय दीड मीटर खाली. वर थोडी सूट धरा. पायाच्या पातळीला दोरी बांधली असेल तर हे सगळं मिळून पाच-साडेपाच मीटर होतात. आपल्या घराची उंची आहे सव्वातीन मीटर! दोरी ताणली जायच्या आधी माणूस अंगणात असेल.

म्हणून तळमजल्याच्या घरावर पडल्यावर झेलणारी दोरी उपयोगाची नाही, कडेपर्यंत पोचूच न देणारी हवी. गच्चीच्या मध्यावरच्या भक्कम जागी दोरी बांधायची, उदाहरणार्थ आरसीसी कॉलमला किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीत बसवलेल्या अँकरला, आणि लांबी इतकीच ठेवायची की कडेच्या अर्धा मीटर आधी ती ताणली जाईल. पॅनेलच्या स्ट्रक्चरला बांधू नका. तो पॅनेल आणि वारा सांभाळायला केलेला आहे, माणसाचा झटका सांभाळायला नाही. पाण्याच्या टाकीचा पाइप तर नकोच नको.

आणि ती पडवी. कडेचं पॅनेल बघायला पडवीवर उतरून उभं राहिलं की हात सहज पोचतो, हा मोह प्रत्येकाला होतो. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पायाखाली बिस्किटासारखा तुटतो. जुना झाला, शेवाळ आलं की आणखीच. "खिळ्यांच्या रांगेवरून चाला, खाली पाइप आहे" असं जुने कारागीर सांगतात. मला ते पटत नाही, कारण एक पाऊल चुकलं की संपलं. त्यातच उजेडासाठी बसवलेली फायबरची शीट धूळ बसून सिमेंटच्या रंगाची झालेली असते, ती ओळखूही येत नाही. त्या पत्र्यावर जायचंच असेल तर दोन-तीन आधारांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकून, दोरी बांधून. आपल्या कामाला तिकडे जायची गरज नाही, म्हणून जायचं नाही.

काम फक्त जोडणीचं आहे. पॅनेल काढावं लागलं असतं तर तिसरा माणूस बोलवावा लागला असता: ५५० वॅटचं पॅनेल साधारण २८ किलोचं, सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरहून रुंद असतं. वाऱ्यात ते शिडासारखं वागतं आणि धरणाऱ्याला सोबत घेऊन जातं.

कनेक्टर

दुसऱ्या-तिसऱ्या पॅनेलच्या मधे जे अपेक्षित होतं तेच सापडलं. एक अर्धा कनेक्टर एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्याचा. दोघं एकमेकांत बसतात, टक् असा आवाजही येतो, पण आतली पिन नीट पकडत नाही. तिथे गरम होत गेलं, प्लॅस्टिक मऊ झालं, आणि खाली लोंबकळून ते स्ट्रक्चरच्या पट्टीला टेकलं. बसवणाऱ्याने केबल टायचे चार पैसे वाचवले होते.

इथे पुन्हा क्लॅम्प लावायचा, याच वायरीला. खाली शून्य आलं होतं हे मान्य, पण आता तुम्ही उघडणार आहात ही जागा. शून्य असेल तर स्पॅनरने कनेक्टर उघडा आणि दोन्ही टोकांवर लगेच टोपी किंवा इन्सुलेशन टेप. मग चौथ्या आणि पाचव्या पॅनेलच्या मधलाही कनेक्टर तसाच उघडा. आता सहाची माळ दोन-दोनच्या तीन तुकड्यांत विभागली गेली. एका तुकड्यात ९६ व्होल्ट. डीसीसाठी अतिकमी व्होल्टेजची मर्यादा १२० धरतात, त्याच्या आत आपण आलो. ओल्या हाताला हेही सुरक्षित नाही, ग्लोव्हज तसेच. पण २८८ आणि ९६ यांत फरक आहे. पॅनेलवर ताडपत्री टाकून काम करणारे काही जण आहेत. ताडपत्रीतून उजेड जातो, वाऱ्याने ती उडते. ती जोडीला टाका, तिच्या भरवशावर राहू नका.

जळलेला कनेक्टर कापताना एकावेळी एकच वायर कटरमध्ये. प्लस आणि मायनस एकत्र चिमटीत आल्या तर कटरच शॉर्ट करतो. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या नव्या घ्या, क्रिम्पिंगचं योग्य हत्यार वापरा (पक्कडीने दाबलेली पिन म्हणजे पुढच्या वर्षीची हीच तक्रार), वायर ओढून बघा, आणि यूव्ही टिकणाऱ्या टायने स्ट्रक्चरपासून वर बांधा.

सगळं जोडून खाली या. डीसीडीबीत पुन्हा तेच तीन आकडे: प्लस-मायनस पूर्ण, आणि दोन्ही बाजूंचे अर्थचे आकडे घसरून शून्याकडे. प्लस-मायनस उलटे झालेले नाहीत ना, तेही याच वेळी मीटरवरच्या वजाच्या खुणेवरून बघा. उलट जोडून आयसोलेटर वर केला तर इन्व्हर्टरच्या आत स्ट्रिंग शॉर्ट होऊ शकते, आणि मग घाईने ओढून काढणं आणखी धोक्याचं. कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. चालू करायचा क्रम इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये असतो, त्याप्रमाणे करा.

याचे पैसे कसे लावायचे

हा कॉल दोन माणसांचा, जाण्यायेण्यासह अर्ध्या दिवसाचा. कनेक्टरची जोडी स्वस्त आहे, ग्राहकाला दिसतं ते तेवढंच, म्हणून तो म्हणतो "एवढे कशाचे?" मी सल्ला देतो की बिलावर दोन ओळी वेगळ्या लिहा: तपासणी आणि दुरुस्ती. तपासणीत ते तीन आकडे तारखेसह लिहून द्या, आधीचे आणि नंतरचे. पुढच्या वर्षी तेच आकडे काढून शेजारी लिहिता येतात, आणि वार्षिक करार तिथून मिळतो. संध्याकाळी परत यावं लागलं तर त्याचा दर आधीच ठरवून ठेवा, नाहीतर दुसरी फेरी फुकट जाईल म्हणून माणूस दुपारीच कनेक्टर ओढायला जातो.

कोटेशन देताना दुसऱ्या माणसाची मजुरी वगळून स्वस्त होणारे भेटतील. एक गोष्ट त्यांच्याकडे आणि तुमच्याकडेही विचारली जाईल: लायसन्स. इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशनचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच आणि पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा सुरक्षा नियम आहे. तुमच्याकडे परवाना नसेल तर परवाना असलेल्याबरोबर करार करून सुरुवात करा. सोलरचं शिक्षण हवं असेल तर सरकारचा सूर्यमित्र कोर्स आहे, आयटीआय झालेल्यांनी तो जरूर बघावा.

पुढच्या व्हिडिओत डीसीडीबी उघडून दाखवतो: दिशा असलेला आणि नसलेला एमसीबी समोरासमोर ठेवून, खुणा कुठे बघायच्या ते. तोवर तुमच्याकडे जो क्लॅम्प मीटर आहे त्याच्या डायलचा फोटो काढून ठेवा, त्याच्यावरूनच सुरुवात करू.